पडद्यावरचं जग आणि डोक्यातलं जग: एपिक फँटसीच्या वाचकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

(खाली बहुतेक उदाहरणं 'अ साँग ऑफ आइस अँड फायर' आणि त्यावरच्या 'गेम ऑफ थ्रोन्स'मधली आहेत. अधूनमधून टॉल्किन आणि 'व्हील ऑफ टाइम' येतील. कथानक फुटलेलं चालत नसेल तर आधी बघून या, वाचून या, मग इथे या.)

मालिका बघताना सारखं वाटतं, "हे पुस्तकात असं नव्हतं." हे वाटणं कितपत खरं धरावं?

निम्म्या वेळा अजिबात धरू नये. आधी पुस्तक उघडून ते पान काढावं.

माझीच फजिती सांगतो. लेगोलसचे केस सोनेरीच असणार याबद्दल मी एका मित्राशी तासभर वाद घातला होता. पुस्तकात तसं लिहिलंय, मी वाचलंय, अशी माझी खात्री होती. मग दोघांनी मिळून 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज' चाळलं. लेगोलसच्या केसांचा रंग कुठेच दिलेला नाही. सोनेरी केस आहेत ते त्याच्या वडिलांचे, आणि तेही 'द हॉबिट'मध्ये. उलट रात्रीच्या एका प्रसंगात तो आकाशाकडे बाण रोखून उभा असतो तेव्हा त्याचं डोकं काळं दिसतं, असा उल्लेख सापडला. तो काळोखातल्या आकृतीबद्दल आहे की केसांबद्दल, यावर पुन्हा वेगळं भांडण होऊ शकतं. मुद्दा असा की "मी वाचलंय" म्हणून ज्याची ग्वाही देत होतो ते मी सिनेमात बघितलं होतं. एल्फ लोकांच्या टोकदार कानांचंही तसंच. त्या कादंबरीत कानांचं वर्णन नाही, तरी आपल्या सगळ्यांच्या डोक्यात ते कान पक्के आहेत.

डोक्यातल्या चित्रात तीन प्रकारचा माल असतो. काही लेखकाने लिहिलेलं, काही आपण भरलेलं, आणि काही मुखपृष्ठावरून, जुन्या चित्रांवरून किंवा आधीच्या सिनेमावरून चिकटलेलं. पीटर जॅक्सनच्या सिनेमांची गंमत इथेच आहे. अ‍ॅलन ली आणि जॉन हाऊ हे टॉल्किनच्या जगाची चित्रं कित्येक वर्षं काढणारे दोघे चित्रकार त्याने संकल्पचित्रांसाठी घेतले. त्यामुळे असंख्य वाचकांना पडद्यावर "अगदी मनातलं" मिडल-अर्थ दिसलं. मनात ते कुणी घातलं होतं? बऱ्याच अंशी त्याच दोघांनी.

तक्रार करायची ती पहिल्या प्रकारच्या मालाबद्दल. उरलेल्या दोन्हींबद्दल फक्त हळहळता येतं.

बरं, पण पुस्तकात स्वच्छ लिहिलेलं असूनही बदललंय. मग तर बेइमानी झाली ना?

मग एक प्रश्न विचारायचा: ती वस्तू कथेत जे काम करत होती, ते काम पडद्यावर होतंय का? मी सगळ्यात जास्त वेळा वापरतो ते उदाहरण लोहसिंहासनाचं, कारण त्यात दोन्ही उत्तरं मिळतात.

पुस्तकातलं सिंहासन म्हणजे खुर्चीच नव्हे. एगॉनने हरवलेल्या शत्रूंच्या तलवारी वितळवून, वाकवून, ठोकून रचलेला तो एक ओबडधोबड लोखंडी ढीग आहे. वर बसायला पायऱ्या चढून जावं लागतं. बसणारा माणूस दरबाराच्या डोक्यावर तरंगत असतो, आणि टेकून बसायची सोय नाही, कारण पाठीमागे पाती आहेत. एगॉनचं म्हणणंच असं होतं की राजाने कधी निवांत बसू नये. पाती अजून धारदार आहेत. वेडा राजा एरिस इतक्या वेळा कापला जायचा की लोक त्याला पाठीमागे खपल्यांवरून नाव ठेवायचे. दुसऱ्या पुस्तकात जॉफ्री भर दरबारात चिडून उठतो आणि पात्याने कापून घेतो. रक्त दिसल्याबरोबर तो "आई!" म्हणून ओरडतो. सिंहासनाने त्याला नाकारलं, असं तिथला एक कैदी ओरडूनच सांगतो.

मालिकेतलं सिंहासन तुम्हाला माहीतच आहे: नीटनेटकं, दोन्ही बाजूंना सारखं, पाठीमागे तलवारींचा पंखा. पोस्टरवर छान दिसतं. जॉर्ज आर. आर. मार्टिनने 2013 मध्ये आपल्या ब्लॉगवर स्पष्टच लिहिलं होतं की हे माझ्या मनातलं सिंहासन नव्हे. माझं अवाढव्य, कुरूप, वेडंवाकडं आहे, आणि मार्क सिमोनेटी या चित्रकाराने ते सगळ्यात जवळचं काढलंय. तेच चित्र पुढे 2014 च्या 'द वर्ल्ड ऑफ आइस अँड फायर'मध्ये आलं. पण मार्टिनने त्याच लेखात मालिकावाल्यांची बाजूही घेतली. एवढं मोठं सिंहासन त्यांच्या दरबाराच्या सेटमध्ये मावलंच नसतं. सेट बेलफास्टच्या स्टुडिओत होता, आणि स्टुडिओला छत असतं.

आता कामाचा प्रश्न विचारू. आकार लहान झाला म्हणून काय गेलं? भव्यता गेली, पण ती सोसता येते. खरं नुकसान हे की त्या मालिकेत सिंहासन कुणाला कापत नाही. ते फक्त मिळवायची वस्तू होऊन बसतं. पुस्तकात ते बसणाऱ्याची परीक्षा घेतं. मालिकेच्या लेखकांनाही ही खोट ठाऊक असावी, कारण तिसऱ्या सीझनमध्ये व्हॅरिस हजार तलवारींची दंतकथा आळवायला लागतो तेव्हा लिटलफिंगर त्याला तोडतो: हजार कसल्या, दोनशेही नाहीत, मी मोजल्यात. सेटची मर्यादा त्यांनी पात्राच्या तोंडी घालून तिचं राजकारण करून टाकलं. ही पळवाट मला मनापासून आवडली.

मग 2022 मध्ये 'हाऊस ऑफ द ड्रॅगन' आली. सिंहासन मुळात तेच ठेवलं, पण त्याच्या भोवती, पायऱ्यांवर तलवारींचं रान उगवलं. आणि मुख्य म्हणजे ते कापू लागलं. राजा व्हिसेरिसला झालेल्या जखमा चिघळतात, बोटं जातात, माणूस डोळ्यांदेखत सडत जातो. सिमोनेटीच्या चित्राच्या जवळपासही हे सिंहासन पोचत नाही. तरी माझ्या हिशेबात हे जास्त प्रामाणिक, कारण काम परत आलं.

डोळ्यांचा रंग, वय, नाक... अशा बारीकसारीक गोष्टींचं काय?

हीच कसोटी, फक्त पटकन लावायची. टार्गेरियन राजघराण्यातल्या लोकांचे डोळे पुस्तकात जांभळे. मालिकेत लेन्स लावून बघितल्या आणि सोडून दिल्या. डेनेरिस डोळ्यांनी जे सांगते ते लेन्सआड जाणार असेल तर सोडलेलंच बरं. रक्ताची ओळख पटवायला रुपेरी केस पुरतात.

टिरियनचं नाक जरा वेगळं. ब्लॅकवॉटरच्या लढाईत पुस्तकातल्या टिरियनचं बहुतेक नाक जातं, मालिकेतल्याला गालावर व्रण येतो. अभिनेत्याच्या चेहऱ्यावर वर्षानुवर्षं हिरवा ठिपका लावून संगणकाने नाक पुसत बसणं परवडणारं नव्हतं, हे समजतं. पण त्यानंतरचा पुस्तकातला टिरियन लोकांच्या नजरेतली किळस पावलोपावली मोजत असतो आणि त्यातून कडवट होत जातो. मालिकेतला टिरियन शेवटपर्यंत लोभस राहतो, याचं एक कारण मला तो व्रण वाटतो.

वयाचा बदल मात्र हवाच होता. पुस्तकाच्या सुरुवातीला डेनेरिस तेरा वर्षांची आहे, रॉब आणि जॉन चौदाचे. कागदावर आपण ते वय विसरून वाचतो. कॅमेरा विसरू देत नाही.

सातव्या सीझनमध्ये माणसं अक्षरशः इकडून तिकडे उडी मारल्यासारखी पोचतात. ही आमची कुरकुर की खरी चूक?

खरी चूक. पण लोक बोट ठेवतात तिथे नव्हे.

आधी मोजपट्टी घेऊ. पुस्तकात राज्याच्या उत्तर सीमेवरच्या बर्फाच्या भिंतीची लांबी शंभर लीग, म्हणजे तीनशे मैल दिली आहे. साधारण 480 किलोमीटर. पुस्तकातल्या नकाशांवर प्रमाण छापलेलं नसतं, म्हणून वाचक भिंतीलाच पट्टी समजून मोजतात. तुम्हीही एक दोरा घेऊन बघा. भिंतीच्या पूर्वेकडचं ईस्टवॉच ते डेनेरिसचा मुक्काम असलेलं ड्रॅगनस्टोन हे सरळ रेषेतलं अंतर भिंतीच्या पाचेक पट भरतं. म्हणजे ढोबळमानाने 2400 किलोमीटर.

आता सहावा भाग. जॉन आणि मंडळी भिंतीपलीकडे गोठलेल्या तळ्यातल्या खडकावर अडकतात. गेंड्री धावत ईस्टवॉचला जातो, तिथून कावळा सुटतो, डेनेरिसला निरोप मिळतो, ती ड्रॅगन घेऊन निघते आणि पोचते. कावळ्याला आपण चांगल्या शर्यतीच्या कबुतराचा वेग देऊ, ताशी 80 किलोमीटर, तोही न थांबता. तीस तास लागले. ड्रॅगनचा वेग कुणी सांगितलेला नाही, तर उदार होऊन दुप्पट धरू, ताशी 160. आणखी पंधरा तास. गेंड्रीच्या धावण्याचे काही तास, चिठ्ठी वाचून निघण्याचा थोडा वेळ. एकूण दोन दिवसांच्या वर गेलं. म्हणजे सगळ्या सवलती देऊनही खडकावरच्या लोकांनी दोन रात्री काढायला हव्यात.

पडद्यावर आपल्याला एक रात्र जाणवते. थोरॉस थंडीने मरतो, तळ्याचं पाणी पुन्हा गोठतं, आणि ड्रॅगन हजर. दिग्दर्शक अ‍ॅलन टेलर यांनी नंतर मुलाखतीत मान्य केलं की वेळेचा हिशेब धूसर आहे, आणि त्या भागात कायम संधिप्रकाश ठेवून त्यांनी तो आणखी धूसर राहू दिला.

आता बघा, हे निस्तरायला काय लागलं असतं? आणखी एक रात्र. वाटून खाल्लेला शेवटचा तुकडा, ओठांवरचा बर्फ, दुसऱ्यांदा उगवणारा मलूल दिवस. फार तर दोन मिनिटं. कावळा वेगाने उडाला हा दोष नाहीच. वाट बघण्याला पडद्यावर वेळ दिला नाही, हा दोष आहे.

आणि हा दोष आपल्याला इतका का टोचतो, तर याच मालिकेने आपल्याला अंतराची शिकवण दिली होती. पहिल्याच भागात राजा रॉबर्ट विंटरफेलला पोचल्या पोचल्या तळघरातल्या समाध्या बघायला निघतो, तेव्हा सर्सी वैतागून म्हणते की महिनाभर प्रवास करतोय, मेलेले थोडं थांबतील. एका वाक्यात राज्याची लांबी कळली. त्या महिन्यावर अख्खं कथानक उभं आहे: बातमी उशिरा पोचते, मदत वेळेवर येत नाही, एखादा निर्णय निरोप येण्याआधीच चुकलेला असतो. अंतर गेलं की उशीर गेला, आणि उशीर गेला की या कथेतली निम्मी शोकांतिका गेली.

पण वेळ तर सगळेच आवळतात. टॉल्किनच्या बाबतीतही तेच झालं ना?

झालं, आणि तिथे मला ते कमी खुपलं. पुस्तकात बिल्बोच्या वाढदिवसाची मेजवानी आणि फ्रोडोचं शायरमधून निघणं यांच्यात सतरा वर्षं जातात. सिनेमात किती जातात ते कुणी सांगत नाही, पण ते काही महिन्यांहून जास्त वाटत नाहीत. घाई झाली खरी, पण ती एकदाच, सुरुवातीला. पुढचा प्रवास पायपिटीसारखाच वाटतो. जगाचा नियम मोडला नाही, फक्त दार लवकर उघडलं.

'रिंग्ज ऑफ पॉवर'ने मात्र दुसऱ्या युगाची 3441 वर्षं एखाद्या माणसाच्या आयुष्यात कोंबली. त्याचं कारणही उघड आहे. न्यूमेनॉरची माणसं मरतात आणि एल्फ मरत नाहीत. मूळ कालक्रम पाळला तर दर सीझनला माणसांचं सगळं पात्रमंडळ बदलावं लागेल. पण त्या कथेचा गाभाच हा आहे की मरणारी माणसं न मरणाऱ्यांकडे पिढ्यान्‌पिढ्या बघत बसतात आणि हळूहळू कुजतात. पिढ्याच नसतील तर तो मत्सर संवादातून सांगावा लागतो, आणि सांगितलेला मत्सर पचनी पडत नाही.

जादू नेहमी वेगळीच का दिसते?

कारण पुस्तकात ती बहुतेक वेळा दिसतच नाही. ती पात्राला जाणवते.

'व्हील ऑफ टाइम'चे वाचक हे बरोबर ओळखतील. तिथे शक्ती हवा, पाणी, पृथ्वी, अग्नी आणि चैतन्य अशा पाच धाग्यांनी विणली जाते. पण हे धागे सगळ्यांना दिसत नाहीत. ज्याला ती शक्ती वापरता येते त्यालाच दिसतात, आणि तिथेही बायकांना पुरुषांचं विणकाम दिसत नाही, पुरुषांना बायकांचं नाही. बाकीच्यांना फक्त परिणाम दिसतो: वीज कोसळली, माणूस हवेत उचलला गेला. पुस्तकातली कितीतरी भीती याच आंधळेपणातून येते. समोरचा पुरुष काय विणतोय ते त्या बाईला कळायला मार्ग नाही.

कॅमेऱ्याला लिंग नाही आणि शक्तीही नाही. मालिकेने पांढरे धागे सरळ सगळ्या प्रेक्षकांना दाखवले. लोगेनसारख्या पुरुषाच्या धाग्यांत काळे तंतू घालून त्यांच्या शक्तीतला विटाळही डोळ्यांना दिसेल असा केला. ते काळे तंतू मला पटले. पुस्तकात जो किळसवाणा चिकट स्पर्श फक्त पुरुषाला आतून कळतो, तो दाखवायला दुसरा उपाय मलाही सुचत नाही. पण "मला दिसत नाहीये" ही भीती गेली ती गेलीच.

याच मालिकेतला आणखी एक फरक जवळून बघण्यासारखा आहे. पहिल्या पुस्तकात ट्रॉलॉक या राक्षसांचा हल्ला होतो त्या रात्री रँड गावात नसतो. तो शेतावर आहे, जखमी बापाला ओढत रात्रभर काळोखातून चालतोय. गावात पोचतो तेव्हा सकाळ झालेली आणि घरं जळलेली. मॉइरेन या शक्ती वापरणाऱ्या बाईने रात्री काय केलं ते त्याला, आणि म्हणून आपल्यालाही, लोकांच्या तोंडून ऐकावं लागतं. त्यामुळे ती बाई पहिल्यापासून अर्धी अफवा आहे. तिने नेमकं काय केलं, किती केलं, तिची भीती बाळगायची की आभार मानायचे, हे गावालाही ठरवता येत नाही. मालिकेने ती लढाई समोर घडवली, वीज आणि दगडांसकट. दृश्य जोरदार आहे. पहिल्या भागात प्रेक्षकाला काहीतरी दाखवायला हवंच होतं, तेही मान्य. पण मॉइरेन अफवा राहिली नाही. ज्यांना मालिका "चांगली आहे, पण तशी वाटत नाही" असं होतं, त्यातल्या बऱ्याच जणांची खरी बोच ही असावी असं मला वाटतं.

लढाया कापतात, तेव्हा नेमकं काय कापतात ते कसं ओळखायचं?

लढाईआधीची तयारी आठवून बघा. ब्लॅकवॉटरच्या लढाईसाठी पुस्तकातला टिरियन शहरातल्या सगळ्या लोहारांना एकच काम लावतो, एक प्रचंड साखळी. कशासाठी ते वाचकाला सांगत नाही. प्रकरणांमागून प्रकरणं घण वाजत राहतात. मग स्टॅनिसचं आरमार नदीच्या मुखातून आत शिरतं, रानआग नावाचं ज्वालाग्राही द्रव्य पेटतं, आणि मागे ती साखळी पाण्यातून वर येते. आत आलेलं एकही जहाज परत जाऊ शकत नाही.

मालिकेत साखळी नाही. रानआगीने भरलेलं एक निर्मनुष्य जहाज सोडतात, ब्रॉन पेटता बाण मारतो आणि समुद्र हिरवा होतो. पटकथा स्वतः मार्टिनची आहे, म्हणजे काय सुटतंय ते त्यांना पुरतं माहीत होतं. लढाई रात्री घेतली, एका भागात संपवली. इथे स्फोटाचं काम झालं, टिरियनची हुशारीही कळली. गेला तो त्याचा चिवटपणा, आठवडेन् आठवडे एक अप्रिय हुकूम रेटत राहणं. माझ्या मते हा सौदा वाईट नव्हता.

त्याआधीच्या सीझनमधला सौदा जास्त उघडावागडा आहे. ग्रीन फोर्कच्या लढाईत पुस्तकातला टिरियन चांगला लढतो. मालिकेत लढाई सुरू होताच त्याच्या डोक्यात काहीतरी आदळतं आणि तो शुद्धीवर येतो तेव्हा सगळं आटोपलेलं असतं. पैसे नव्हते, एवढंच. निदान हसवून तरी कापलं.

बॅलरॉगला पंख आहेत की नाहीत?

टॉल्किनने आग आणि सावलीच्या या राक्षसाबद्दल आधी सावली पंखांसारखी पसरल्याचं लिहिलंय, आणि थोड्याच ओळींनी पंख भिंतीपासून भिंतीपर्यंत पसरल्याचं. एकदा उपमा, एकदा सरळ विधान. वाचक ही दोन्ही वाक्यं एकाच वेळी मनात धरू शकतो. पडद्यावर एकतर पंख काढावे लागतात नाहीतर नाही. जॅक्सनने धुराचे, सावलीचे पंख काढले, आणि ते अर्धवट उत्तरच मला सगळ्यात जवळचं वाटतं. बाकी या प्रश्नावर मैत्री तुटेपर्यंत भांडणारे लोक मी पाहिलेत, म्हणून इथेच थांबतो.

मला वाचताना चित्रं दिसतच नाहीत. मग मी कशाशी तुलना करू?

तुम्ही एकटे नाही. मनात चित्र न उमटण्याला अफँटेशिया म्हणतात. हा शब्द 2015 मध्ये न्यूरॉलॉजिस्ट अ‍ॅडम झेमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिला. असे लोकही हजार पानांच्या फँटसी आवडीने वाचतात. माझी एक मैत्रीण अशीच आहे. तिला सिंहासन कसं दिसतं याचं सुखदुःख नाही, पण सातव्या सीझनमधला प्रवास तिने माझ्याआधी पकडला होता, कारण तिच्या डोक्यात जग म्हणजे कोण कुठे आहे आणि कुणाला काय माहीत आहे याची यादी असते. तुलना करायला तिची यादी माझ्या चित्रांपेक्षा भरवशाची निघते.

लेखकाच्या मनातलं चित्र तरी अचूक असतं ना?

भिंतीची उंची पुस्तकात सातशे फूट आहे. भिंतीच्या पायथ्याशी असलेल्या कॅसल ब्लॅकचं चित्रीकरण उत्तर आयर्लंडमधल्या मॅगरमोर्नच्या एका जुन्या खाणीत झालं. तिथला कडा बघून, तो भिंतीपेक्षा पुष्कळ कमी असूनही, मार्टिनना जाणवलं की आपण भिंत फारच उंच लिहिली. इतक्या वरून खालच्या माणसावर बाण मारायचा म्हणजे काय, हे आकड्यावरून त्यांनाही कळलं नव्हतं. वाचकाला कुठून कळणार? आपण "सातशे फूट" वाचतो आणि मनात "खूप उंच" एवढंच ठेवतो.

आधी वाचावं की आधी बघावं?

वाचायचं ठरलंच असेल तर आधी वाचा, कारण अभिनेत्याचा चेहरा एकदा बसला की निघत नाही. पण नुसतं वाचून भागत नाही. मालिका सुरू करायच्या आधी एक कागद घ्या आणि चार-पाच जागा, दोन-तीन माणसं, एखादी वस्तू तुमच्या मनात कशी आहे ते लिहून ठेवा. पुस्तक न उघडता लिहा. मग प्रत्येक ओळीसमोर पुस्तकातलं पान शोधा. माझ्या कागदावर विंटरफेलचा काळा, बर्फाळ, उदास किल्ला होता. पान काढलं तर भिंतींतून गरम झऱ्यांचं पाणी खेळवलेलं, आणि बर्फातही तग धरणाऱ्या काचेच्या बागा. उदास किल्ला माझा होता, स्टार्कांचा नव्हे. मालिकेतलं विंटरफेल पहिल्यांदा दिसलं तेव्हा मी "अगदी असंच" म्हणालो होतो. ते माझ्यासारखं होतं. पुस्तकासारखं नव्हतं.

आणि पुस्तकच पूर्ण नसेल तर?

तर इमानाचा प्रश्नच उरत नाही. 'अ साँग ऑफ आइस अँड फायर'चं पाचवं पुस्तक 2011 मध्ये आलं, 'गेम ऑफ थ्रोन्स' त्याच वर्षी सुरू झाली, आणि सहाव्या सीझनपासून ती पुस्तकांच्या पुढे निघून गेली. शेवटच्या सीझनवर नाराज व्हा, मीही आहे. फक्त "पुस्तकाशी प्रतारणा केली" असं म्हणू नका. तिथे उघडून दाखवायला पान नाही.